जून २०२२ ची फूट: ९, ३८ आणि ३७ हे तीन वेगळे आकडे आहेत

ताळेबंद:

शिवसेनेच्या फुटीचा विषय निघाला की १४५, ३७ आणि १६ हे आकडे एका दमात घेतले जातात. त्या आठवड्यात "३७ झाले, सरकार गेलं" हे वाक्य किती जणांच्या तोंडून ऐकलं असेल. ३७ झाल्यानं सरकार जात नाही. सरकार जातं सभागृहातल्या मतांनी, आणि ३७ हा एका पक्षाच्या आतला आकडा आहे. घोळ तिथेच सुरू होतो, म्हणून एकदा ओळीनं मांडतो.

आधी सभागृह. जागा २८८, बहुमत १४५. हे सगळ्यांना पाठ असतं, पण ते सगळ्या जागा भरलेल्या असतानाचं. मे २०२२ मध्ये अंधेरी पूर्वचे आमदार रमेश लटके यांचं निधन झालं आणि सभागृह २८७ चं उरलं. म्हणजे बहुमताला १४४ पुरेसे.

आता पक्ष. सेनेचे ५६ होते, लटके गेल्यावर ५५. राष्ट्रवादीचे ५४ होते, पंढरपूरची पोटनिवडणूक भाजपनं जिंकल्यावर ५३. काँग्रेस ४४. महाविकास आघाडीतल्या या तिघांची बेरीज १५२. भाजप १०५ चा १०६ झाला होता. राहिलेले २९ अपक्ष आणि छोट्या पक्षांचे. यातले काही आघाडीबरोबर होते, काही भाजपबरोबर, पण राज्यसभेच्या आणि विधान परिषदेच्या मतदानात कोण कुठे सरकतो ते दिसलं होतंच. हिशोब सोपा राहावा म्हणून हे २९ जण पूर्णपणे आघाडीच्या विरोधात धरू. म्हणजे १५२ विरुद्ध १३५.

आता पहिला प्रश्न: हे सरकार पाडायला सेनेतले किती जण लागतील? उत्तर ९. नऊ जणांनी पलीकडे मत दिलं की १४३ विरुद्ध १४४. एकजण पलीकडे गेला की इकडचं एक कमी होतं आणि तिकडचं एक वाढतं, म्हणून फरक दोनानं बदलतो.

दुसरा प्रश्न: भाजपला स्वतःचं सरकार करायला किती? १४४ उणे १०६, म्हणजे ३८. अपक्षांपैकी वीसेक जण सोबत आले तर अठरा-एकोणीस भागतात.

तिसरा प्रश्न: जे जाणार त्यांची आमदारकी वाचायला किती? इथे ५५ चे दोन-तृतीयांश काढायचे. ३६.६६ येतं, माणूस तुकड्यात मोजता येत नाही म्हणून ३७.

३८ आणि ३७ शेजारीशेजारी पडले हा निव्वळ योगायोग. काँग्रेसचे चार आमदार कमी असते आणि भाजपचे चार जास्त असते, तर दुसरा आकडा ३४ झाला असता आणि तिसरा ३७ च राहिला असता. पण ते शेजारी पडले आणि लोकांच्या डोक्यात एकच होऊन बसले. पाडायला ९ पुरत होते, तरी शिंदे गट ३७ च्या वर जाईपर्यंत सुरत आणि गुवाहाटीत थांबला, त्याचं कारण या तिसऱ्या प्रश्नात आहे.

सडेतोड:

छान मांडलंत. पण मग विषय संपलाच की. कायदा सांगतो दोन-तृतीयांश बाहेर पडले तर फूट वैध. ३७ लागत होते, ४० गेले. त्यांना अपात्र करायचा प्रश्नच येत नव्हता. इतकी वर्षं कोर्टकचेरी कशाला झाली तेच कळत नाही.

पायरीवरचा:

सडेतोड, तुमचं अर्धं बरोबर आहे आणि अर्धं जुन्या कायद्याचं आहे. मी बरीच वर्षं विधानभवनाची बातमीदारी केली, तिथेही हा गोंधळ नेहमी दिसायचा.

१९८५ साली ५२ व्या घटनादुरुस्तीनं पक्षांतरबंदीची दहावी अनुसूची आली. त्यात दोन पळवाटा होत्या. एक, 'फूट': विधिमंडळ पक्षातले एक-तृतीयांश बाहेर पडले तर ते अपात्र होत नसत. दुसरी, 'विलीनीकरण': मूळ पक्ष दुसऱ्या पक्षात विलीन झाला आणि आमदारांपैकी दोन-तृतीयांश त्याला राजी असले तर ते वाचत. पहिल्या पळवाटेचा इतका वापर झाला की २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीनं ती काढूनच टाकली. तेव्हापासून वैध 'फूट' अशी गोष्ट कायद्यात नाही. दोन-तृतीयांश उरले आहेत ते विलीनीकरणासाठी.

आता मला सांगा, शिंदे गट कोणत्या पक्षात विलीन झाला? कुठल्याच नाही. त्यांनी कधी विलीनीकरणाचं नावही काढलं नाही. ते म्हणाले, आम्ही फुटलोच नाही, शिवसेना म्हणजे आम्हीच. हा बचाव संपूर्ण वेगळा आहे आणि त्याला ३७ लागत नाहीत. त्याला लागतं एवढंच, की मूळ पक्ष तुम्ही आहात हे निवडणूक आयोगानं आणि अध्यक्षांनी मान्य करावं.

सडेतोड:

मग ३७ साठी थांबले कशाला? तुमच्याच म्हणण्याप्रमाणे तो आकडा लागत नव्हता. आणि पहिल्या दिवसापासून सगळे तोच आकडा मोजत होते, हे तुम्हीही पाहिलंय.

पायरीवरचा:

प्रश्न रास्त आहे. माझा अंदाज असा की दोन्ही दारं उघडी ठेवायची होती. 'आम्हीच पक्ष' हा दावा फसला असता तर विलीनीकरणाचा रस्ता शेवटी हाताशी हवा. त्याला ३७ असायलाच हवेत. शिवाय ५५ पैकी ४० आमच्याकडे, हे आयोगापुढे मांडायलाही जड पडतं. पण हा अंदाज आहे, त्यांच्या बैठकीत मी नव्हतो.

मांडवीकाठ:

आमच्या गोव्यात हे गणित अगदी स्वच्छ दिसतं, म्हणून लिहितो. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदार भाजपमध्ये गेले. १५ चे दोन-तृतीयांश बरोबर १०. एकही कमी नाही, एकही जास्त नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा काँग्रेसचे ११ पैकी ८ गेले. ११ चे दोन-तृतीयांश ७.३३, म्हणजे ८. तिथेही काठावर. हे लोक कायदा वाचून, आकडा मोजूनच उठतात.

आणि लक्षात घ्या, दोन्ही वेळा त्यांनी 'विलीन झालो' असंच म्हटलं. पहिल्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं ते मान्यही केलं. मूळ पक्ष विलीन झाला का, काँग्रेसनं ठराव केला का, हे कुणी विचारलंच नाही असं आम्हाला वाटलं. आमदारांचे दोन-तृतीयांश म्हणजेच पक्ष असा अर्थ निघाला. मला ते आजही पटलेलं नाही. काँग्रेस पक्ष तर जागच्या जागी होता, मग विलीन कोण झालं?

शेतशिवार:

ताळेबंद दादा, आमच्याकडं ग्रामपंचायतीत ९ सदस्य. मागच्या वर्षी ५ जण एका बाजूला झाले, सरपंचावर अविश्वास आणला. ९ मधले ५ म्हणजे बहुमत झालंच की. तरी ठराव पडला आणि सरपंच खुर्चीवरच. वर त्या पाचातल्या एकाला गावात सांगत फिरले की तुझं सदस्यपद जाणार, तू पक्ष बदलला. हे कसं काय? विधानसभेला एक न्याय अन् गावाला दुसरा?

पायरीवरचा:

शेतशिवार भाऊ, गावाला खरंच दुसरा न्याय आहे. ग्रामपंचायतीचा अविश्वास ठराव साध्या बहुमतानं होत नाही. त्याला त्याहून मोठं प्रमाण लागतं, आणि सरपंच थेट लोकांमधून निवडून आलेला असेल तर आणखी अवघड. म्हणून ५ पुरले नाहीत.

सदस्यपदाचं जे सांगत फिरले ते चुकीचं. ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही, त्यामुळे पक्ष बदलला म्हणून सदस्यत्व जाण्याचा तिथे प्रश्न येत नाही. दहावी अनुसूची संसद आणि विधिमंडळापुरती आहे. जिल्हा परिषद आणि नगरपालिकांसाठी राज्याचा स्वतंत्र कायदा आहे, तो १९८६ चा. त्या सदस्याला म्हणावं, निश्चिंत राहा.

तयारी_चालू:

मी स्पर्धा परीक्षेची तयारी करते, म्हणून नीट समजून घ्यायचं आहे. शिंदे सरकारच्या ४ जुलै २०२२ च्या विश्वासदर्शक ठरावाला १६४ विरुद्ध ९९ मतं पडली. बेरीज २६३ होते. सभागृह २८७ चं होतं ना? बाकीचे २४ कुठे गेले? आणि ते नसताना बहुमताचा आकडा १४४ च धरायचा की २६३ च्या निम्म्यावर एक?

ताळेबंद:

ताई, फार चांगला प्रश्न. २४ मधले एक अध्यक्ष राहुल नार्वेकर. अध्यक्ष पहिल्या फेरीत मत देत नाहीत, समसमान झालं तरच निर्णायक मत देतात. राहिले २३. त्यातले काही तटस्थ राहिले, बाकीचे गैरहजर. काँग्रेसचे काही आमदार उशिरा पोचले आणि दारं बंद झाली होती, ते तुम्ही वाचलं असेल.

आकडा कोणता धरायचा याचं उत्तर घटनेच्या १८९ व्या कलमात आहे: हजर राहून मतदान करणाऱ्यांचं बहुमत. म्हणजे त्या दिवशी २६३ मतं पडली, तर १३२ मिळवणारा जिंकला. १४४ हा आकडा घटनेनं ठरावासाठी घातलेला नाही. तो आपण 'सगळे आले तर' म्हणून धरतो. म्हणूनच कुणाला गैरहजर ठेवणं हे कुणाला फोडण्याइतकंच उपयोगी पडतं.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण कर्नाटक. २३ जुलै २०१९ ला कुमारस्वामींचं सरकार ९९ विरुद्ध १०५ नं पडलं. तिथल्या सभागृहात एका नामनियुक्त सदस्यासह २२५ जण, म्हणजे पाठ केलेला आकडा ११३. विरोधकांकडे ११३ नव्हतेच, १०५ होते. पण सत्ताधाऱ्यांचे आमदार आलेच नाहीत आणि १०५ पुरले.

मात्र सगळे ठराव असे नसतात. अध्यक्षांना पदावरून काढायचं असेल तर त्यावेळच्या एकूण सदस्यांचं बहुमत लागतं, हजर असलेल्यांचं नाही. तिथे गैरहजर माणूसही हिशोबात धरला जातो. परीक्षेत हा फरक विचारतात असं ऐकलंय.

तयारी_चालू:

हो, विचारतात. धन्यवाद. अजून एक. कर्नाटकात आमदारांनी राजीनामे दिले होते. महाराष्ट्रातही राजीनामेच दिले असते तर? ९ जणांनी राजीनामा दिला असता तरी सरकार पडलं असतं ना?

ताळेबंद:

नाही. करून बघा. ९ राजीनामे म्हणजे सभागृह २७८ चं, बहुमत १४०. आघाडीकडे १५२ उणे ९, म्हणजे १४३. सरकार आरामात टिकतं. कारण राजीनामा देणारा इकडून कमी होतो पण तिकडे वाढत नाही. शिवाय खालचा एकूण आकडाही घटतो.

मग किती राजीनामे लागले असते? १७ राजीनाम्यांवर १३५ विरुद्ध १३५ अशी बरोबरी होते. १८ व्या राजीनाम्याला १३४ विरुद्ध १३५ होऊन सरकार पडतं. पलीकडे मत देणारे ९ जे काम करतात, त्याला राजीनामा देणारे १८ लागतात. बरोबर दुप्पट.

आणि आता मला सगळ्यात लक्षवेधी वाटणारी गोष्ट. अपात्र ठरवणं हे गणितात राजीनाम्यासारखंच आहे: माणूस सभागृहातून जातो, पलीकडे मिळत नाही. उपाध्यक्ष नरहरी झिरवाळांनी २५ जूनला अपात्रतेच्या नोटिसा काढल्या त्या शिंदे गटातल्या १६ जणांना. आधी १२ नावं होती, मग ४ वाढली. १६ अपात्र झाले असते तर सभागृह २७१ चं, बहुमत १३६. आघाडीचे १५२ उणे १६ किती? १३६. सतरावा अपात्र झाला असता तर बरोबरी. १६ हा आकडा असा विचार करून निवडला असं मी म्हणत नाही, नावं कशी ठरली ते मला ठाऊक नाही. पण बाकीचे २४ परत आले असते तर आघाडी आपल्या तीन पक्षांच्या जोरावर नेमकी एका मतानं वाचली असती. ते परत आले नाहीत, म्हणून हा हिशोब कागदावरच राहिला.

नागरिक_एक:

मी एवढा वेळ शांतपणे वाचतेय. तुम्ही सगळे बेरीज-वजाबाकीत रमलात. माझ्या मतदारसंघातला आमदार रातोरात निघून गेला. मी ज्या चिन्हावर बोट लावलं त्याचं काय? ते १६ जण वेळेत अपात्र झाले असते तर हे नवीन सरकार दुसऱ्या दिवशी कोसळलं असतं, एवढं तरी मान्य करा. अध्यक्षांनी दीड वर्ष लावलं ते त्यासाठीच.

ताळेबंद:

ताई, तुमचा राग समजतो. त्या चिन्हावर मत देणाऱ्यांचा प्रश्न खरा आहे आणि माझ्या बेरजेत त्याचं उत्तर नाही. पण १६ गेल्यानं सरकार कोसळलं असतं हे मात्र आकड्यात बसत नाही.

४ जुलैची मतं धरू. सरकारकडे १६४. त्यातून १६ काढले तर १४८. विरोधात त्या दिवशी ९९ होते, आणि त्या दिवशी मत न दिलेले सगळेच्या सगळे २३ जण विरोधात धरले तरी १२२. सरकार २६ मतांनी पुढे.

आता आणखी पुढे जा. १६ नाही, सगळेच्या सगळे ४० अपात्र. १६४ उणे ४०, म्हणजे १२४. समोर जास्तीत जास्त १२२. तरीही दोन मतांनी सरकार उभं. काठावर, रोज जीव मुठीत धरून, पण उभं. कारण भाजपचे १०६ आणि सोबतचे अपक्ष जागचे हलत नाहीत, आणि ४० जागा कमी झाल्यानं बहुमताची रेघच खाली येते.

कोसळलं असतं ते मुख्यमंत्रिपद. १६ जणांच्या यादीत एकनाथ शिंदे स्वतः होते. ९१ व्या दुरुस्तीनंतर पक्षांतरामुळे अपात्र ठरलेला माणूस पुन्हा निवडून येईपर्यंत मंत्री होऊ शकत नाही. सहा महिन्यांची सवलतही मिळत नाही. म्हणजे सरकारचा नेता बदलावा लागला असता, युती राहिली असती.

नागरिक_एक:

मुख्यमंत्री जाणं ही लहान गोष्ट नाही. चाळीस जण गोळा करणारा माणूसच बाजूला झाला असता तर बाकीचे तिथे बसून राहिले असते असं तुम्ही गृहीत धरताय. माणसं अशी वागत नाहीत. तुमचं दोन मतांचं बहुमत एका दुपारीत संपलं असतं.

ताळेबंद:

हे मला मान्य आहे. १२४ चा आकडा 'बाकी सगळं तसंच राहिलं तर' या एका अटीवर उभा आहे, आणि अशा वेळी काहीच तसंच राहत नाही.

पायरीवरचा:

यात एक दुवा राहिलाय. ११ मे २०२३ चा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचा निकाल. पाच न्यायमूर्तींनी एकमतानं बऱ्याच गोष्टी आघाडीच्या बाजूनं बोलल्या. राज्यपालांनी ३० जूनची बहुमत चाचणी बोलावली ती योग्य नव्हती, कारण सरकारनं विश्वास गमावलाय असं म्हणायला त्यांच्यापुढे पुरेसा आधार नव्हता. भरत गोगावले यांना प्रतोद म्हणून दिलेली मान्यता बेकायदा, कारण प्रतोद राजकीय पक्ष नेमतो, आमदारांचा गट नाही.

इतकं सगळं म्हणूनही उद्धव ठाकरे पदावर परत आले नाहीत. का? कारण त्यांनी २९ जूनच्या रात्री राजीनामा दिला होता. चाचणीला सामोरे जाऊन हरले असते तर ती चाचणीच रद्द करून पूर्वीची स्थिती आणता आली असती. स्वतःहून दिलेला राजीनामा न्यायालय कसा मागे घेणार? ३० जूनला ते सभागृहात उभे राहिले असते तर मतं कमीच पडली असती. पण ती हार न्यायालयात कामाला आली असती. आकड्यात हरणं आणि कायद्यात हरणं या दोन गोष्टी आहेत, आणि त्या रात्री बहुतेकांनी पहिलीचाच विचार केला.

प्रतोदाचा मुद्दा का महत्त्वाचा तेही सांगतो. पक्षादेश मोडला म्हणून अपात्र करायचं तर आधी कोणाचा पक्षादेश खरा हे ठरायला हवं. ३ आणि ४ जुलैला दोन्ही बाजूंनी पक्षादेश काढले, सुनील प्रभूंचा एक आणि गोगावल्यांचा एक. कुणीही कसंही मत दिलं तरी एकाचा आदेश मोडणारच होता. तिथे संख्याबळ काहीच सांगत नाही.

सडेतोड:

पण मग १० जानेवारी २०२४ ला अध्यक्षांनी काय केलं? शिंदेंचाच पक्ष खरा म्हटलं, गोगावल्यांनाही मान्यता दिली, आणि दोन्हीकडचा एकही आमदार अपात्र केला नाही. म्हणजे शेवटी ज्याच्याकडे आमदार जास्त तोच पक्ष, असंच झालं ना? मी पहिल्यापासून तेच म्हणतोय.

पायरीवरचा:

निष्पत्ती तशी झाली, हे खरं. निवडणूक आयोगानंही फेब्रुवारी २०२३ मध्ये नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला दिला तो आमदार-खासदारांच्या संख्येवरच. पण घटनापीठानं राजकीय पक्ष आणि विधिमंडळ पक्ष वेगळे आहेत असं स्पष्ट म्हटलं होतं. ते वेगळे असतील तर आमदारांच्या संख्येवर पक्ष कोणाचा हे कसं ठरवायचं? अध्यक्षांच्या निर्णयाला आव्हान दिलं गेलं, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये नवी विधानसभा आली. ज्यांच्या अपात्रतेचा वाद, त्या सभागृहाची मुदतच संपली. माझ्या मते हा प्रश्न सुटलेला नाही, नुसता मागे पडलाय.

मांडवीकाठ:

आमच्याकडे आमदारांनाच पक्ष मानलं आणि 'विलीन झाले' म्हटलं. तुमच्याकडे आमदारांनाच पक्ष मानलं आणि 'फुटलेच नाहीत' म्हटलं. बाहेर पडायची वाट वेगळी, पण मोजणी दोन्हीकडे आमदारांचीच.

शेतशिवार:

आता हे सगळं २०२४ च्या निकालावर लावून सांगा की दादा. आता कुणी फुटलं तर किती लागतील?

ताळेबंद:

निकालाच्या दिवशीचे आकडे धरतो, पोटनिवडणुका सोडून. भाजप १३२, शिंदे यांची शिवसेना ५७, अजित पवारांची राष्ट्रवादी ४१. बेरीज २३०. सभागृह पूर्ण २८८, बहुमत १४५.

भाजपला स्वतःहून १३ कमी. पण शिंदेंचे ५७ च्या ५७ उठून गेले तरी १३२ आणि ४१ मिळून १७३. पवारांचे ४१ गेले तरी १३२ आणि ५७ मिळून १८९. एकटा कुठलाही मित्रपक्ष सरकार पाडू शकत नाही. दोघांनी एकाच वेळी जायला हवं, आणि तेव्हाही भाजपला फक्त १३ च शोधायचे. २०२२ मध्ये आघाडीची स्थिती नेमकी उलट होती: तिघांपैकी कुणीही एक गेला की संपलं. १५२ मधून ४४ काढा, ५३ काढा किंवा ५५ काढा, १४४ उरतच नाहीत. मित्रपक्षाला मंत्रिपदं आणि खाती मागताना किती जोर लावता येतो, हे त्याच्या आमदारांच्या संख्येपेक्षा तो नसला तर काय उरतं यावर ठरतं. ४४ वाली काँग्रेस तेव्हा जेवढी ताणू शकत होती, तेवढी ५७ वाली शिवसेना आता ताणू शकत नाही.

विलीनीकरणाचे दोन-तृतीयांश हवे असतील तर ५७ पैकी ३८, ४१ पैकी २८, ठाकरेंच्या २० पैकी १४.

नागरिक_एक:

२० पैकी १४. आणि त्यासाठी चिन्हावर बोट लावणाऱ्या लाखो लोकांना कुणी विचारायची गरज नाही. पायरीवरचा, हे दोन-तृतीयांशही काढून टाकावेत, पक्ष सोडायचा तर राजीनामा द्या आणि पुन्हा निवडून या, अशी सूचना कधी झाली होती का?

पायरीवरचा:

सूचना झाल्यात, विधी आयोगाच्याही. १९९९ च्या अहवालात फूट आणि विलीनीकरण या दोन्ही सवलती काढाव्यात असं म्हटलं होतं. २००३ मध्ये एकच काढली. पण तुम्ही म्हणता तो रस्ताही कर्नाटकात वापरून झालाय. तिथे १७ जण बाहेर पडले, त्यातल्या बहुतेकांनी राजीनामे दिले, अध्यक्षांनी त्या सगळ्यांना अपात्रही केलं, सभागृह २०८ चं झालं आणि भाजपच्या १०५ ना त्यातच बहुमत मिळालं. सर्वोच्च न्यायालयानं अपात्रता कायम ठेवली, पण मुदत संपेपर्यंत निवडणूक लढवता येणार नाही हा भाग काढून टाकला. डिसेंबरमध्ये १५ जागांवर पोटनिवडणूक झाली आणि भाजपनं १२ जिंकल्या. तिथे मतदाराला विचारलं गेलं, आणि बहुतेक ठिकाणी त्यानं त्यांनाच परत पाठवलं.

नागरिक_एक:

विचारलं तरी गेलं ना. मला तेवढंच हवं आहे.